चूक ऐकण्यात की भाषांतरात?



कानात इअरबड घालायचे, समोरचा जर्मनमध्ये बोलला की आपल्याला मराठी ऐकू येणार आणि आपण मराठीत बोललो की त्याला जर्मन. अशी उपकरणं आता बाजारात सहज मिळतात. ती घेऊन परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांची तक्रार मात्र बहुतेक वेळा एकच असते: ‘हे भलतंच भाषांतर करतं.’ माझा अनुभव असा, की दोष फार वेळा भाषांतरात नसतो. तो त्याच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे ऐकण्यात असतो. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

एक उदाहरण घेऊ. सांगलीच्या आजी स्टुटगार्टला मुलीकडे गेल्या आहेत. मुलगी कामावर आहे आणि आजींना चक्कर येते म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. इअरबड आहेत, फोन आहे, अ‍ॅपही आहे.

पहिली अडचण जोडणीची. आपल्याला सवय अशी, की नवे इअरबड आणले की फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन जोडायचे. गाणी ऐकू आली म्हणजे काम झालं असं आपण धरतो. पण भाषांतराच्या काही इअरबडना ही यादी चालत नाही. ते अ‍ॅपच्या आतूनच जोडावे लागतात, आणि आधीच यादीतून जोडले असतील तर अ‍ॅपला सापडतच नाहीत. अशा वेळी फोनच्या यादीतून ते काढून टाका, इअरबड डबीत ठेवून डबीचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि मग अ‍ॅपमधून शोधा. अँड्रॉइड 12 पासून पुढच्या फोनमध्ये अ‍ॅपला `Nearby devices` ही परवानगी लागते, मायक्रोफोनची वेगळी लागते. घाईत पहिल्या खेपेला ‘नको’ म्हटलेलं असलं, तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती द्यावी लागते.

जे इअरबड नेहमीच्या ब्लूटूथनेच जोडले जातात, त्यांच्यात एक गोष्ट लक्षात घ्या. गाणी ऐकवण्याची वाट आणि बोलणं फोनकडे नेण्याची वाट वेगळ्या आहेत. फोनमध्ये त्या इअरबडच्या नावापुढे ‘कॉल’ची सोय बंद असेल, तर आवाज येतो पण आपलं बोलणं फोनकडे जात नाही, आणि अ‍ॅप बिचारं टेबलावरच्या फोनच्या मायक्रोफोनने ऐकत बसतं. ओळखायचं कसं? फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बोला. इअरबडच्या मायक्रोफोनने ऐकू जात असेल, तर अक्षरं उमटत राहतील. तेच इअरबड घरातल्या लॅपटॉपलाही जोडलेले असतील, तर ती जोडणी आधी तोडा.

आता भाषांची जोडी. अ‍ॅपच्या यादीत ‘मराठी’ दिसली म्हणून थांबू नका. मराठी लिहिलेलं भाषांतरित करणं, मराठी बोललेलं ओळखणं आणि मराठीत बोलून दाखवणं या तीन वेगळ्या सोयी आहेत. काही ठिकाणी पहिली असते आणि उरलेल्या दोन नसतात. ॲपलने 2025 मध्ये एअरपॉड्सवर थेट भाषांतर आणलं, तेव्हा त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज आणि स्पॅनिश होत्या, मराठी नव्हती. म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच मराठीत दोन वाक्यं बोलून पाहा. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या भाषांची यादी बहुधा आणखी आखूड असते, हेही तिथेच तपासा.

आजींनी जोडी निवडली: मराठी आणि जर्मन. अ‍ॅपने विचारलं, भाषा आपोआप ओळखू का? आजी ‘हो’ म्हणाल्या, आणि इथेच घोटाळा झाला. भाषा ओळखायला यंत्राला थोडं बोलणं ऐकावं लागतं. ‘मला चक्कर येते’ एवढ्या तीन शब्दांत ‘चक्कर’ हिंदीतही आहे. यंत्राने हिंदी धरली, की पुढचा प्रत्येक आवाज ते हिंदी शब्दांत बसवायला बघतं, ‘मला’चं ‘मिला’ होऊ शकतं, आणि जर्मन डॉक्टरांना काहीतरी मिळाल्याची बातमी ऐकू जाते.

अशा वेळी फोनची काच बघा. बहुतेक अ‍ॅप आपण बोललेलं मूळ भाषेत लिहून दाखवतात आणि खाली भाषांतर देतात. वरची ओळ आधी वाचा. ती चुकली असेल, तर खालची बरोबर येणार नाही. तिथे भाषांतराला बोल लावण्यात अर्थ नाही. वरची ओळ बरोबर असून खालची विचित्र असेल, तरच वाक्य सोपं करून पुन्हा बोला. आजींच्या बाबतीत वरची ओळ हिंदीत होती. उपाय एकच: आपोआप ओळख बंद करायची आणि दोन्ही बाजूंच्या भाषा हाताने ठरवायच्या. दोघांनी एकेक इअरबड घालायचा असेल, तर डावा कुणाचा आणि उजवा कुणाचा हे अ‍ॅपमध्ये नेमून द्यावं लागतं. अदलाबदल झाली, तर मराठी बोलणं जर्मन म्हणून ऐकलं जातं.

दुसरी चूक जास्त धोक्याची आहे. वाक्य संपलं हे यंत्र शांततेवरून ठरवतं. बोलणारा क्षणभर थांबला, की ते तेवढंच उचलून भाषांतराला पाठवतं. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. आजी सांगतात, ‘मला पेनिसिलीन चालत…’ आणि श्वास घेऊन म्हणतात, ‘नाही.’ यंत्राने श्वासापाशी वाक्य तोडलं, तर ‘चालतं’ असं ओळखून डॉक्टरांना नेमकं उलटं सांगितलं जाऊ शकतं. म्हणून दवाखान्यात आपोआप चालणारी पद्धत मी वापरू देत नाही. बटण दाबून धरून बोलण्याची किंवा इअरबडला स्पर्श करून सुरू-बंद करण्याची पद्धत निवडा. वाक्य कुठे संपलं हे मग आपण ठरवतो. शिवाय नकार टाळून वाक्य करा: ‘मला पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे.’ हे वाक्य मध्ये तुटलं तरी त्याचा अर्थ उलटत नाही. आणि एवढी महत्त्वाची गोष्ट जर्मनमध्ये कागदावर लिहून पाकिटात ठेवलेली असावीच. अशा ठिकाणी माणूस दुभाषा मिळत असेल, तर आधी तो मागावा.

तिसरी चूक डॉक्टरांच्या बाजूची. स्टुटगार्टच्या भागात श्वाबियन बोली कानावर पडते, तर यंत्रांना जास्त सराव असतो तो प्रमाण जर्मनचा. वरची जर्मन ओळ तुटक दिसायला लागली, तर ‘होखडॉइच, बिट्टे’ एवढं म्हणावं; डॉक्टर प्रमाण भाषेत, सावकाश बोलतील. फोनच्या स्पीकरवरून भाषांतर मोठ्याने वाजत असेल, तर तोच आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून त्याचं पुन्हा भाषांतर होतं. कुणी बोललेलं नसताना नवी ओळ उमटली, तर आवाज कमी करा आणि फोन लांब सरकवा.

राहिले आकडे. दीड, अडीच, सव्वा हे शब्द नीट ओळखले जातीलच असं नाही. ‘एक आणि अर्धी गोळी’ म्हणा. तिकडूनही तसाच धोका आहे. जर्मनमध्ये ‘हाल्ब आख्त’ म्हणजे शब्दशः अर्धे आठ, आणि वेळ असते साडेसात. पुढच्या भेटीची वेळ आणि गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांना अंकात लिहून द्यायला सांगा. जर्मनीत 24 तासांचं घड्याळ चालतं, तेव्हा संध्याकाळचे साडेसात कागदावर 19:30 असे येतील.