घरात इन्व्हर्टर आहे, मग नेट का जातं?

आजचा विषय निघाला तो बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी. वहिनी संध्याकाळी ऑनलाइन शिकवणी घेते. आठ-दहा मुलं, गणित. मध्येच दिवा डोळा मिचकावल्यासारखा लुकलुकायचा आणि वहिनीचं चित्र जागच्या जागी थिजायचं. परत जोडलं जाईपर्यंत तीन मिनिटं. तोवर निम्मी मुलं उठून गेलेली. दोन पालकांनी फी परत मागितली, तेव्हा ती मला म्हणाली, "भाऊजी, इन्व्हर्टर घेतलाय ना आपण? पंखासुद्धा थांबत नाही. मग नेट का जातं?"

आधी मी नेट देणाऱ्यावर संशय घेतला. पण ते तपासायची सोपी खूण आहे. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा, अनेकांचं `192.168.1.1` असतं, पत्ता राउटरच्या खाली छापलेला असतो. तिथे अपटाइम, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे ते दिसतं. नेट गेल्यावर अपटाइम शून्यापासून सुरू झाला असेल, तर दोष बहुधा विजेचा. अपटाइम चालूच असेल आणि तरी नेट नसेल, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा. आमचा अपटाइम दाखवत होता चार मिनिटं.

आता इन्व्हर्टर असून हे का व्हावं? लाइट गेल्यावर इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला सेकंदाचा अगदी छोटा तुकडा लागतो. पंखा तेवढ्यात आपल्याच गतीने फिरत राहतो. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरमध्येही कपॅसिटर असतो, तो तेवढी फट भरून काढतो. पण वर्षानुवर्षं गरम होऊन हा कपॅसिटर सुकतो आणि मग फट भरेनाशी होते. राउटर बंद पडून पुन्हा उठतो. शिवाय फायबरच्या डब्याला पलीकडच्या यंत्राशी सूर जुळवून पुन्हा नोंदणी करावी लागते. तीन मिनिटं जातात ती इथे.

पहिला उपाय फुकटचा. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, साधा मोड की यूपीएस मोड. यूपीएस मोडमध्ये ही फट लहान होते. मी बटण फिरवलं आणि राउटर टिकला. पण आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. यूपीएस मोड कमी व्होल्टेज चालवून घेत नाही, साधारण १८०च्या खाली गेलं की लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. रात्री नऊला खरंच लाइट गेली तेव्हा बॅटरी रिकामी! राउटरच्या अ‍ॅडॅप्टरला मात्र १०० व्होल्टही पुरतात, बहुतेकांवर तसं लिहिलेलंच असतं. म्हणजे त्याला पडलेलं व्होल्टेज नडत नव्हतं, नडत होती ती क्षणाची फट. इन्व्हर्टर परत साध्या मोडवर टाकला आणि राउटरसाठी मिनी यूपीएस आणला.

आमचा राउटर १२ व्होल्ट, १ अँपिअर. फायबरचा डबाही तसाच. दोन्ही त्यावर हवेत. नुसता राउटर चालू ठेवला तर वाय-फायचं चिन्ह भरलेलं दिसतं आणि नेट नसतंच. म्हणून १२ व्होल्ट, २ अँपिअर देणारा घेतला, सोबत दोन तोंडांची वायर. तुमच्या राउटरवर ९ व्होल्ट लिहिलं असेल तर १२ची पिन लावू नका, बसली तरी. आणि पिन सैल बसत असेल तर ती बदला, नाहीतर हात लागला की राउटर पुन्हा बंद.

खोक्यावर ६००० एमएएच लिहिलं होतं. वहिनी म्हणाली, मग सहा तास चालेल. नाही चालत. हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ६ गुणिले ३.७, म्हणजे साधारण २२ वॉट-तास. व्होल्टेज वर चढवताना काही वाया जातं, हाती १८च्या आसपास. आमचे दोन्ही डबे मिळून १० वॉट खातात. म्हणजे पावणेदोन तास. मी लाइट असतानाच प्लग काढून घड्याळ लावलं, १ तास ४० मिनिटं निघाली. शिकवणी दीड तासाची. जमलं, पण थोडक्यात. सेल जुने झाले की ही वेळ घटणार, म्हणून दर दिवाळीला पुन्हा घड्याळ लावायचं ठरवलंय. आणि हा डबा टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नका. लिथियमचे सेल आहेत, उष्णतेने फुगतात.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात नाही. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये केबलवाल्याचा स्विच जिन्यात, साध्या प्लगवर आहे. तिथली लाइट गेली की त्यांच्या घरचे दोन्ही डबे सुखाने चालू आणि नेट बंद. अपटाइम बघितला तर अकरा दिवस! तिथल्या काकांनी मिनी यूपीएस परत केला आणि सोसायटीच्या बैठकीत जिन्यातल्या त्या स्विचला बॅटरी द्या म्हणून अर्ज दिलाय. अजून निर्णय व्हायचाय.