सोन्याच्या राखणीचा हिशेब

सोने सांभाळण्याचा खर्च मोजताना बहुतेक कुटुंबे जागेचे भाडे तेवढे पाहतात. वास्तविक भाडे आणि विम्याचा हप्ता एकत्र धरून, उद्या सोने गेलेच तर त्याच्या किमतीतील किती भाग परत मिळेल, याच्याशी तो खर्च ताडून पाहिला पाहिजे. हा हिशेब उलगडण्यासाठी पुण्यातील एका काल्पनिक कुटुंबाकडे दीडशे ग्रॅम दागिने आणि शंभर ग्रॅम वेढणी व नाणी आहेत, असे समजू. आकडेमोड सोपी राहावी म्हणून सरसकट दहा हजार रुपये ग्रॅम असा भाव धरला, तर दागिने १५ लाखांचे, वेढणी व नाणी १० लाखांची, आणि एकूण ऐवज २५ लाखांचा होतो.

हे सारे सोने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले आणि त्याचे वार्षिक भाडे ३,००० रुपये असले, तर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून वर्षाला ३,५४० रुपये पडतात, म्हणजे ऐवजाच्या शेकडा १४ पैसेच. इतक्या स्वस्तात मिळते काय, याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात आहे. लॉकरमध्ये काय आहे हे आपल्याला ठाऊकच नसते, एवढे सांगून बँकेला हात झटकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत अमिताभ दासगुप्ता यांच्या खटल्यात बजावले होते. त्यानंतर आलेले हे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेचे दायित्व चालू वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. भूकंप, पूर, वीज अशा नैसर्गिक आपत्तींत किंवा ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीत ते मुळीच नसते.

याचा अर्थ असा की पुण्याच्या या कुटुंबाला बँकेकडून जास्तीत जास्त ३ लाख रुपये मिळू शकतात, आणि उरलेले २२ लाख उघडेच राहतात. ही मर्यादा सोन्याच्या किमतीला नव्हे, तर भाड्याला बांधलेली आहे, ही यातली खरी मेख आहे. सोन्याचा भाव दुप्पट झाला आणि भाडे तेच राहिले, तर संरक्षणाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर येते. दुसऱ्या बाजूने पाहता, भाड्याचा प्रत्येक रुपया शंभर रुपयांचे दायित्व आणतो. केवळ भरपाईची मर्यादा वाढावी म्हणून कोणी १२,००० रुपये भाड्याचे मोठे लॉकर घेतले, तर वाढीव ९ लाखांच्या संरक्षणासाठी तो करासह १०,६२० रुपये, म्हणजे शेकडा १ रुपया १८ पैसे मोजतो. त्या पैशात मिळते ती निम्मी रिकामी पेटी. विमा कंपनीकडे तेवढेच संरक्षण पुष्कळदा याहून कमी दरात मिळू शकते, आणि पॉलिसीत तशी तरतूद असल्यास त्यात पुराचाही समावेश होतो.

हा विमा मात्र ग्राहकाने बाहेरून घ्यावा लागतो. लॉकरमधील ऐवजाची नोंद बँक ठेवत नसल्यामुळे त्याचा विमा उतरवण्याची जबाबदारी तिच्यावर नाही, आणि असा विमा थेट किंवा आडवळणाने विकण्यासही तिला मनाई आहे. आत नेमके काय होते हे सिद्ध करण्याचा भारही त्यामुळे ग्राहकावरच येतो. पावत्या, दागिन्यांची छायाचित्रे, मूल्यमापकाचा दाखला आणि हॉलमार्कसोबत कोरलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक यांची नोंद लॉकरमध्ये नव्हे, लॉकरबाहेर असली पाहिजे. एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकण्यास १ एप्रिल २०२३ पासून बंदी असली, तरी आजीच्या पाटल्यांवर तो क्रमांक असणार नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

घरी ठेवलेल्या सोन्याला भाडे पडत नाही, पण विम्याचा दर सामान्यतः चढा असतो. उदाहरणापुरता तो घरातील दागिन्यांसाठी एक टक्का आणि लॉकरमधील दागिन्यांसाठी अर्धा टक्का धरला, तर १५ लाखांच्या दागिन्यांचा घरचा हप्ता करासह १७,७०० रुपये होतो, तर लॉकरचे भाडे आणि तेथील विमा मिळून १२,३९० रुपयांत भागते. फुकट वाटणारे कपाट पूर्ण विम्यासह महाग पडते ते असे. त्यातही वेढण्या व नाण्यांचे १० लाख या हिशेबात आलेलेच नाहीत, कारण अनेक गृहविमा पॉलिसी दागिने स्वीकारतात आणि नाणी व लगड वगळतात. कुलूप किंवा दार फोडल्याची खूण नसेल, अथवा चोरी घरच्या नोकराने केली असेल, तर दावा नाकारण्याची मुभा देणारी कलमे पुष्कळ पॉलिसींत आढळतात.

आणखी एक कलम भाव चढल्यानंतरच बोचते. विमा वास्तविक किमतीपेक्षा कमी रकमेचा असेल, तर कमी पडलेल्या प्रमाणात नुकसानीचा वाटा विमाधारकाने सोसावा, अशी ही अट असून तिला सरासरीची अट म्हणतात. भाव पाच हजार असताना हे दीडशे ग्रॅम दागिने साडेसात लाखांना विमित केले आणि पुढे रक्कम वाढवली नाही, तर आज त्यांतील पन्नास ग्रॅम चोरीला गेल्यावर, नुकसान पाच लाखांचे आणि विमा साडेसात लाखांचा असूनही, हाती अडीच लाखच येतात. ही अट ज्या पॉलिसीत आहे, तिची रक्कम दरवर्षी नव्या भावाने ठरवून घेणे भाग असते, आणि म्हणून घरी ठेवलेल्या सोन्याचा खर्च भावाबरोबर चढत जातो.

व्यावसायिक व्हॉल्टचा, म्हणजे केवळ मौल्यवान धातू साठवणाऱ्या कडेकोट कोठाराचा दर याहून पुष्कळ खाली असतो. लंडनची बुलियनव्हॉल्ट ही कंपनी सोन्याच्या किमतीवर वर्षाला ०.१२ टक्के आकार घेते आणि त्यात विमा धरलेला असतो; मात्र किमान आकार महिन्याला ४ डॉलर असल्याने ४०,००० डॉलरहून कमी सोने असणाऱ्याला प्रत्यक्ष दर जास्त पडतो. ही स्वस्ताई येते ती मालाच्या एकसारखेपणामुळे. अशा कोठारात ठरावीक शुद्धतेच्या, क्रमांकित लगडी असतात, त्या मोजता व तपासता येतात आणि विमा कंपनीला त्यांची किंमत वादाविना कळते. नथ आणि तन्मणी यांना तेथे जागा नाही. शिवाय सोने ग्राहकाच्या नावे वेगळे दाखवलेले आहे की त्याची कंपनीकडे केवळ येणे म्हणून नोंद आहे, हे करारात पाहावे लागते, कारण दुसऱ्या प्रकारात कंपनी बुडाल्यास ग्राहक इतर धनकोंच्या रांगेत उभा राहतो.

भारतात मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या डिजिटल सोन्यात व्हॉल्टचे भाडे पुष्कळदा शून्य दाखवलेले असते. खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतरातून तो खर्च आधीच वसूल झालेला असतो, आणि खरेदीच्या वेळी ३ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा भरावा लागतो. हे सोने आपल्या नियमनाखाली येत नसल्याचा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. सेबीच्या नियमनातील व्हॉल्टमध्ये सोने ठेवण्याचा मार्ग इलेक्ट्रॉनिक गोल्ड रिसीट, म्हणजे व्हॉल्टमधील सोन्याच्या बदल्यात मिळणारी आणि शेअर बाजारात विकता येणारी पावती, हा आहे. त्या पावतीचे पुन्हा प्रत्यक्ष सोने करून घ्यायचे झाल्यास ते बाहेर काढताना कर भरावा लागतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांत लग्नासाठी सोने लागणार असेल, तर वार्षिक भाड्याआधी हा कर हिशेबात धरावा लागतो.