बांगड्यांचा आहेर कोणाला?

(शिबिराच्या दुसऱ्या दिवशी केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)



मला आज शिव्यांवर बोलायचं आहे. पण आईबहिणीवरच्या शिव्यांवर नाही. त्या शिव्या आहेत हे देणाऱ्यालाही माहीत असतं. समोरून म्हातारं माणूस आलं की तो जीभ चावतो. मी बोलणार आहे त्या शब्दांवर, जे बोलताना कोणीच जीभ चावत नाही. बायल्या. बायकांसारखा रडतो. पोरीसारखा लाजतो. लुगडं नेस. हातात बांगड्या भर. हे शब्द आपण सभेत बोलतो, माईकवर बोलतो, घोषणेत देतो आणि वरून टाळ्या पडतात. मीही दिल्या आहेत. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते.

मागच्या वर्षी आपण एका कार्यालयावर मोर्चा नेला. मागणी साधी होती. आपल्या लोकांकडून जंगलजमीन कसल्याबद्दल जो दंड वसूल केला, त्याच्या पावत्यांच्या आणि पंचनाम्यांच्या नकला द्या. कारण नियम असा की ठरलेल्या तारखेच्या आधीपासून कसत असाल तर जमीन नावावर होऊ शकते. ते सिद्ध करायला आपल्याकडे सातबारा नाही. दंडाची पावती हाच आपला पुरावा. साहेब तारखा देऊन फिरवत होते. म्हणून ठरलं, साहेबाला बांगड्यांचा आहेर करायचा. बांगड्या आणायचं काम माझ्याकडं आलं.

मी बाजारात कासारणीकडं गेले. डझनभर मागितल्या. ती म्हणाली, "माप काय व माय? सव्वादोन का अडीच?"

मी म्हटलं, "कोनत्याबी द्या मावशी, साहेबाले द्यायच्या हायेत."

"साहेबाच्या बायकोले?"

"नाही, साहेबालेच. मोर्चात."

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. "तुह्या हातात त हायेतच की बांगड्या. मंग तू भेकड हायेस का?"

मी हसले, पैसे दिले आणि निघाले. मला वाटलं, बाईला राजकारण कळत नाही.

मोर्चात बायाच जास्त होत्या. भाकरी बांधून पहाटे निघालेल्या, कोणाच्या काखेत लेकरू. साहेबाच्या टेबलावर आम्ही बांगड्या ठेवल्या, घोषणा दिल्या. साहेब हसले. शिपायाला म्हणाले, बाजूला ठेव. मग चर्चेला पाच जण आत बोलावले, तर पाचही पुरुष गेले. कोणी ठरवलं नव्हतं, तसंच झालं. साहेबांनी आत विचारलं, कोणत्या साली दंड भरला? पाचांनाही नीट सांगता येईना. ज्या काकीनं बकऱ्या विकून दोनदा दंड भरला होता, जिला साल, महिना, गार्डचा चेहरा सगळं पाठ होतं, ती बाहेर उन्हात बसली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. त्यात बांगड्या होत्या, पावत्या नव्हत्या.

आता नीट बघा. दारात आपण ओरडून सांगितलं की बाई म्हणजे कमजोर, बाई म्हणजे निकम्मी, साहेब तू बाई आहेस. आणि त्यानंतर आतल्या खोलीत बाईला नेलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

मग हे आपल्या ध्यानात का येत नाही? यावर मी पुष्कळ विचार केला. मला जे सापडलं ते सांगते.

पहिली गोष्ट, शिवी एकाला लागते आणि माप दुसऱ्याचं असतं. मी साहेबाला बांगड्या दिल्या तेव्हा माझ्या मनात साहेब होता. बाई माझ्या मनात नव्हतीच. मला फक्त 'भेकड' म्हणायचं होतं. बोलणाऱ्याला आपला अर्थ ठाऊक असतो, म्हणून तो अर्थ कशावर बसवून आणला हे त्याला दिसत नाही. गाडीतल्या माणसाला बैलाचा खांदा दिसत नाही तसं.

हे पटत नसेल तर दुसऱ्या बाजूनं बघा. बाजारात बिगरआदिवासी बाई आपल्या पोराला रागावते, "काय भिलावानी राह्यतो, आंघोळ कर." किंवा मास्तर वर्गात म्हणतो, "काय रे जंगली." ती बाई आपल्याला काही बोललेली नसते. तिच्या पोराला बोललेली असते. तिला विचारा, ती खरोखर म्हणेल, "व माय, तुमाले थोडंच म्हटलं." ती खोटं बोलत नाही. पण आपल्याला कसं लगेच टोचतं! आपण तिथं भाजी घेत उभे असतो आणि मान वळते. का? कारण माप आपलं वापरलं आहे. ज्याच्या नावाचं माप असतं त्यालाच ते ऐकू येतं. 'भिलावानी' आपल्याला ऐकू येतं, 'बायकांवानी' ऐकू येत नाही. पुरुषांना तर नाहीच, पण आम्हा बायांनाही नाही, कारण आम्ही ते लहानपणापासून आईच्याच तोंडून ऐकलं आहे. इंग्रजीतही असंच आहे. भित्र्या पोराला ते 'सिसी' म्हणतात. तो शब्द 'सिस्टर'वरून, म्हणजे बहिणीवरून आला. इंग्रज पोरालाही ते ठाऊक नसेल.

दुसरी गोष्ट, स्तुती. बाई धीट निघाली तर आपण म्हणतो, "मर्दासारखी लढली." ते कानाला गोड लागतं. पण बाई चांगली झाली तर ती मर्द, आणि पुरुष वाईट झाला तर तो बायको. वर जायचं ते पुरुषाकडं, खाली पडायचं ते बाईकडं. १९७२ नंतर तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याकडं श्रमिक संघटनेच्या आदिवासी बाया गावोगाव फिरून दारूची मडकी फोडत होत्या. त्या मर्दासारख्या नव्हत्या. त्या बायांसारख्याच होत्या. मार त्यांनाच पडत होता, म्हणून मडकीही त्यांनीच फोडली.

तिसरी गोष्ट बांगडीचीच. ज्या बांगडीला आपण इतकं जपतो की ती फुटली तरी 'फुटली' म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतो, तीच पुरुषाला दिली की बेइज्जती होते. आणि आपल्या भिलाला म्हाताऱ्यांच्या हातात चांदीचं कडं, कानात मुरकी नाही का? त्यांना कोणी भेकड म्हटलं? हातातल्या दागिन्यानं माणूस भित्रा होतो, हे आपल्याला बाहेरून शिकवलं गेलं. आपला जिल्हा जिजाऊंचा. सिंदखेडराजाचं नाव घेऊन पुढारी भाषण सुरू करतात आणि त्याच भाषणात म्हणतात, "आम्ही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत." टाळ्या दोन्हीला पडतात.

याच जिल्ह्यातली आणखी एक बाई तुम्हाला माहीत असायला पाहिजे. ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. त्यांचे वडील तिथं कचेरीत कारकून होते आणि सत्यशोधक समाजातले होते. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढं ती कमी झाली. त्या निमित्तानं पेपरांत सगळ्या बायकांच्या नावानं शिमगा सुरू झाला. तेव्हा ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं आणि १८८२ साली पुण्यात छापलं. त्यात त्यांनी काय केलं? बायकांवर जे जे दुर्गुण लादतात ते एकेक घेतले आणि विचारलं, हा पुरुषांत नाही का? लोक तुटून पडले. जोतीराव फुले तेवढे त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढं पुस्तक विसरलं गेलं, ते १९७५ साली पुन्हा छापलं. शंभर वर्षं उलटली, पण त्यांची तपासणी अजून कामाची आहे. 'भित्रेपणा' घ्या आणि विचारा, हा फक्त बायांत आहे का? गार्ड आला तेव्हा पाड्यातून आधी कोण पळालं, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. पुरुषांना पकडून नेतात म्हणून ते पळाले, त्यात चूक काही नाही. पण नांगर धरून बाया उभ्या राहिल्या.

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळं मी हे बोलायला उभी राहिले. आपल्यातला एक भाऊ, नाव घेत नाही. त्याला गार्डनं बोलावून एका कागदावर अंगठा घेतला. जमिनीचा ताबा सोडला असं त्यात लिहिलं होतं. त्याला वाचता येत नाही, पण काहीतरी चुकलं हे त्याला त्याच दिवशी कळलं. तो बैठकीला आला आणि गप्प बसला. त्याच बैठकीत आपण दुसऱ्या एकाला, "भीत असशील तर लुगडं नेसून घरी बस" असं म्हणत हसत होतो. तो तीन आठवडे बोलला नाही. शेवटी त्याची बायको माझ्याकडं आली. त्याच दिवशी कळलं असतं तर 'फसवून अंगठा घेतला' असा अर्ज लगेच देता आला असता. आता पहिला प्रश्न येतो, इतके दिवस काय करत होता? याचं उत्तर तो कसं देणार? की माझेच साथी मला बायल्या म्हणतील म्हणून गप्प होतो?

म्हणजे ही शिवी बायांनाच लागते असं नाही. ज्याला भीती वाटते त्याचं तोंडही ती बंद करते. आणि जमिनीच्या लढाईत भीती वाटणार. केस होते, बैल जप्त होतात. भीती सांगता आली तर तिच्यावर उपाय करता येतो.

कोणी म्हणेल, आहेर दिला की साहेब लाजतो, म्हणून द्यायचा. पण बाई हलकी आहे हे त्यालाही पटलेलं असतं आणि आपल्यालाही, म्हणून तो लाजतो. साहेबावर उगारायला आपण ती काठी त्याच्याच घरातून आणतो. आणि आमचे साहेब तर लाजलेही नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शब्दाचा अर्थ असेल तोच शब्द बोला. भ्याला असेल तर 'भ्याला' म्हणा. साहेब फिरवत असेल तर किती तारखा दिल्या त्या मोजून माईकवर सांगा. पोराला रडू आलं तर 'रडतो' म्हणा, 'पोरीसारखा' कशाला? तोंडातून गेलंच तर बाजूच्यानं थांबवून विचारावं, "इथं 'भिलावानी' घालून बघ, चालतं का?" मला असं दोनदा थांबवलं आहे. राग येतो, पण शब्द ध्यानात राहतो.

पुढच्या मोर्चाला बांगड्या नेऊ नयेत असा ठराव मी मांडते. टेबलावर ज्या पावत्या आपल्याकडं आहेत त्या ठेवू, साल लावून, गाव लावून. आणि चर्चेला जे पाच जण आत जातील त्यात ती बकऱ्या विकणारी काकी पहिली असेल. कासारणीच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. काकी आत गेली की मी जाऊन तिला सांगेन.

जिंदाबाद.