आपल्या वर्गणीचा हिशेब



ऊसतोडीच्या हंगामात मुलांना गावातच ठेवण्यासाठी तुम्ही १,८०,००० रुपये दिलेत. मुलांच्या आणि त्यांच्या आज्यांच्या वतीने तुमचे आभार मानतो आणि आता हिशेब मांडतो.

दिवाळी झाली की आपल्या दिंद्रुडमधून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून दोघांनाही जावंच लागतं, आणि मागे जेवू घालणारं कोणी नसलं की पोरंही गाडीत बसतात. दुपारचं जेवण शाळेत मिळतं. प्रश्न सकाळ-संध्याकाळचा होता. तेवढंच आपण उचललं.

पाच महिन्यांसाठी २० मुलं घेतली. राहायला आजीकडे, दोन वेळचं खाणं आपल्याकडे. दर मुलामागे दिवसाला ४० रुपये धरले होते. हजेरी शाळेच्या पटावरून घेतली नाही. पटावर नाव राहतं आणि पोर फडात असतं. म्हणून रोज संध्याकाळी पंगतीत ताटं मोजली. पूर्ण भरली असती तर ३,००० ताटं झाली असती, झाली २,६४०. त्याचे १,०५,६०० रुपये, स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे पाच महिन्यांचे ३०,००० आणि वह्या, साबण, औषधं यांचे ८,४००. एकूण १,४४,००० खर्च झाले, ३६,००० शिल्लक आहेत. पावत्यांची फाइल बाहेर टेबलावर ठेवली आहे, जरूर चाळा.

आता पदरात काय पडलं ते सांगतो. २० पैकी १७ मुलं शेवटपर्यंत टिकली. तिसरी ते पाचवीची १२ मुलं त्यांत होती. दिवाळीनंतर त्यांच्यापैकी चौघांना दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद न अडखळता वाचता येत होता, पाडव्याला नऊ जणांना आला. याचं सगळं श्रेय जेवणाला देता येणार नाही, शिकवलं गुरुजींनीच. पण वर्गात बसायला मूल गावात होतं, एवढं मात्र आपल्या पैशांनी केलं.

गेलेल्या तिन्ही मुलीच होत्या. तिघींच्याही घरी दोन-तीन वर्षांचं भावंड होतं. आई फडात उतरली की कोपीवर त्याला सांभाळायला कोणीतरी लागतं, म्हणून मध्येच निरोप आला आणि पोरगी गेली. म्हणजे मोठ्या बहिणीला ताट वाढून भागत नाही. धाकट्यालाही आजीकडे ठेवायची सोय हवी.

शिल्लक ३६,००० म्हणजे दीडशे दिवस रोजचे २४० रुपये. त्याच दराने सहा लहानग्यांचं खाणं होतं. मात्र दोन वर्षांचं मूल आईविना राहील का, हे त्या आईनेच ठरवायचं. ज्या घरांची तयारी असेल तिथेच हे पैसे जावेत, असं मला वाटतं. पैसे तुमचे आहेत. आज जेवणाआधी होय किंवा नाही एवढं सांगा, म्हणजे कोयते निघण्यापूर्वी त्या घरांशी बोलता येईल.