ओढा एक, खाती सात

(मोरगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इथे बसलेल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. नाझरे धरणातून पाणी सुटले, कऱ्हेला मोठा पूर आला आणि खाली बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना रातोरात हलवावे लागले. त्याच रात्री डोंगरापलीकडे पुण्यात आंबील ओढा फुगला. कात्रजचा तलाव भरून वाहिला, टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळली, सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरले. पुणे शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसे गेली.

कऱ्हेवर धरण आहे. धरणावर अभियंता असतो, विसर्ग किती क्युसेक याची नोंद होते आणि खालच्या गावांना निरोप जातो. आंबील ओढ्याला असा एक धनी नव्हता. शहरातले पूर नदीपेक्षा ओढ्या-नाल्यांतून जास्त का येतात, याचे अर्धे उत्तर त्यात आहे. उरलेले अर्धे साध्या हिशेबात आहे. तो आधी करू.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, म्हणजे आपल्याकडचा एक मोठा टँकर. एक चौरस किलोमीटरचा डोंगरउतार घ्या आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस धरा. रान असेल तर त्यातले साधारण तीस टक्के पाणी ओढ्याला येते, बाकीचे मुरते किंवा अडते. ओढ्यातून सुमारे १५० क्युसेक वाहतात. त्याच उतारावर इमारती, काँक्रीटचे रस्ते आणि फरशा आल्या की ऐंशी टक्के पाणी येते. म्हणजे ३९० क्युसेक, सेकंदाला ११ हजार लिटर. पाऊस तोच, ओढा तोच, पाणी अडीचपटीहून जास्त. शिवाय ते लवकर येते, सगळे एकदम येते.

आता हे पाणी रस्त्याखालच्या एका मोरीतून जायचे आहे. मोरी तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच समजा. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहिले तर त्यातून १२ हजार लिटर निघतात. म्हणजे कागदावर मोरी पुरेशी आहे. प्रत्यक्षात तिच्या तळाशी अर्धा मीटर गाळ बसला आहे. वर स्लॅबच्या खालून पाण्याची मोठी पाइप आडवी गेली आहे, तिने वरचा अर्धा मीटर खाल्ला. उरली एक मीटर उंची. त्यातून वेग तोच धरला तरी सहा हजार लिटर जाणार. उरलेले पाच हजार लिटर दर सेकंदाला रस्त्यावर येणार. दर दोन सेकंदांनी एक टँकर. आणि त्या पाइपला प्लास्टिक, फांद्या, गाद्या अडकल्या की सहा हजारही जात नाहीत.

दोष कोणाचा? मोरी पथ विभागाने बांधली. पाइप पाणीपुरवठा विभागाची. गाळ काढायचे काम मलनिस्सारण विभागाच्या ठेकेदाराकडे. कचरा घनकचरा विभागाचा. वरच्या उतारावरच्या इमारतींना परवानगी बांधकाम विभागाने दिली. ओढा जिथे नदीला मिळतो तिथली पूररेषा जलसंपदा खाते आखते. ओढ्याची मूळ हद्द महसूल खात्याच्या नकाशात. झाली सात खाती. यातल्या प्रत्येकाने आपले काम नियमाप्रमाणे केले असे शपथेवर सांगता येईल, आणि तरी मोरी तुंबेल. कारण मोरीतून किती पाणी जाते हे मोजणे कोणाच्याच कामात लिहिलेले नाही.

गाळाचेच पाहा. गाळ काढल्याचे बिल बहुतेक ठिकाणी टनांवर किंवा डंपरच्या फेऱ्यांवर निघते. वजनकाट्याची पावती लागली की काम झाले. पण किती टन काढले यावरून ओढा मोकळा झाला का, हे कळत नाही. त्यासाठी मूळ तळपातळी माहीत हवी आणि साफसफाईनंतर लेव्हल लावून ती पुन्हा मिळाली का, हे पाहायला हवे. काढलेला गाळ काठावरच ठेवला, तर पहिल्याच जोरदार सरीत तो परत आत जातो आणि पुढच्या वर्षी त्याचेच बिल पुन्हा निघते.

कोणाचे काम चुकले हे ओळखायची एक सोपी रीत सांगतो. पुराच्या वेळी मोरीच्या दोन्ही अंगांना पाहा. वरच्या अंगाला रस्ता पाण्याखाली आणि खालच्या अंगाला ओढा निम्मा रिकामा, तर मोरी अडली आहे. दोन्हीकडे पाणी सारख्याच पातळीला उभे, तर दोष खाली आहे, नदीच्या फुगवट्यात किंवा पुढच्या मोरीत. ओढ्यात पाणी कमी आणि रस्त्यावर मात्र गुडघाभर, तर रस्त्याकडेची पावसाळी चेंबर बुजली आहेत. बहुधा नवा काँक्रीटचा थर टाकताना ती झाकली गेलेली असतात. पाण्याची पातळी दाखवणारे दोन फोटो, वेळेसह, सातही खात्यांचा वाद मिटवू शकतात.

सगळ्या खात्यांवर एक वरचे मंडळ बसवले की भागेल का? मुंबईने ते करून पाहिले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर मिठी नदीसाठी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण झाले. पण काम वाटले गेले ते किलोमीटरने. वरचे सुमारे १२ किलोमीटर महापालिकेकडे, खालचे सहा किलोमीटर एमएमआरडीएकडे. रेल्वेरुळांखालच्या मोऱ्या रेल्वेच्या. वरच्याने कितीही साफ केले तरी खालच्याचा गाळ राहिला तर पाणी वरच तुंबते. पाण्याला किलोमीटरची हद्द कळत नाही, म्हणून काम लांबीने वाटले तरी जबाबदारी एकाचीच हवी.

पुण्यात आंबील ओढ्याच्या सीमाभिंतींचे काम याच धनीपणाच्या प्रश्नावर बराच काळ अडले. भिंत पडली ती सोसायटीच्या हद्दीत. मग तिथे सरकारी पैसा खर्च करता येतो का? पाणी मात्र या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत थांबत नाही.

हे पुण्या-मुंबईचेच दुखणे आहे असे समजू नका. मे २०२५ च्या अखेरीस बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि पाणी घरांत, शेतांत शिरले. कालवा आडवा जातो, ओढे उभे येतात आणि महामार्ग दोघांना छेदतो. कालवा जलसंपदाचा, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, गावरस्ता जिल्हा परिषदेचा, गटार ग्रामपंचायतीचे किंवा नगरपरिषदेचे. नवा रस्ता दीड-दोन फूट उंच झाला की जुनी मोरी बुजते आणि भराव बंधाऱ्यासारखे पाणी अडवतो. बारामती वाढते आहे. आज जे रान आहे ते उद्या एनए प्लॉट होईल. तीस टक्क्यांचे ऐंशी टक्के तिथेही होणार.

म्हणून मागणी एकच करायची, आणि ती नेमकी करायची. प्रत्येक ओढ्यासाठी, उगमापासून नदीपर्यंत, एक अभियंता नावानिशी नेमला जावा. त्याच्याकडे एक नोंदवही असावी: ओढ्यावरची प्रत्येक मोरी, तिची रुंदी-उंची, मूळ तळपातळी, आतून जाणारी पाइप किंवा केबल आणि ती कोणत्या खात्याची. मोरीच्या भिंतीवर तळपातळीची खूण रंगाने काढलेली असावी, म्हणजे गाळ किती चढला हे शाळेतल्या मुलालाही दिसेल. मेच्या मध्यापर्यंत सगळ्या खात्यांच्या माणसांनी ओढा एकत्र चालून पाहावा आणि त्याच वहीत सह्या कराव्यात. त्या अभियंत्याच्या सहीशिवाय ना गाळाचे बिल निघावे, ना ओढ्यावर नवी पाइप पडावी, ना भराव. एवढ्याने ढगफुटी थांबणार नाही. मोरीच्या क्षमतेपलीकडचा पाऊस झाला तर पाणी बाहेर येणारच. पण मोरीची जेवढी क्षमता आहे तेवढी तरी आपल्याला मिळेल. आज ती निम्मीही मिळत नाही.

याला नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत आपल्या गावातल्या ओढ्याची ही वही मागा. नसेल तर ती करायचा ठराव लिहून घ्या.