टिंब, कंस आणि बारा गुंठे

(वनहक्क समित्यांचे सचिव आणि गावात कागद लिहिणारी पोरंपोरी यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. ग्रामसभेत वाचून दाखवावा.)



आज आपण कायद्यातली कलमं शिकणार नाही. ती मागच्या बैठकीत झाली. आज एका टिंबाविषयी बोलू. हो, टिंबच. आपल्याच एका पाड्यावरच्या एका बाईची बारा गुंठे जमीन एका टिंबात गेली. चूक कार्यालयाची नव्हती, आपल्याच हातची होती. म्हणून ती आपणच उघड्यावर बघितली पाहिजे.

त्या बाईच्या कब्जात दोन एकर वीस गुंठे जमीन. गावानं दोरीनं मोजली, शेजाऱ्यांनी हद्द दाखवली, सगळं बरोबर. आपल्या पोरानं दाव्यात लिहिलं: "२.२० एकर". त्याला वाटलं, टिंबाच्या अलीकडे एकर, पलीकडे गुंठे. पुढे ज्यानं एकराचे हेक्टर केले त्यानं टिंब दशांशाचं समजलं. २.२० एकर म्हणजे ०.८९ हेक्टर, असा हिशोब त्यानं केला. त्याचा हिशोब बरोबरच होता. पण खरी जमीन होती १.०१ हेक्टर. बारा आर कमी लागले, म्हणजे जवळजवळ बारा गुंठे. अधिकारपत्र हातात आलं तेव्हा कळलं. आता दुरुस्तीचा अर्ज फिरतो आहे.

असं का झालं ते नीट समजून घेऊ. रुपयाचे पैसे शंभर. म्हणून पाच रुपये पन्नास पैसे ५.५० लिहिले तर चालतं, आणि पाच रुपये पाच पैसे ५.०५ लिहावे लागतात, ५.५ नाही. हेक्टरचंही तसंच आहे. एका हेक्टरचे आर शंभर. म्हणून सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर यांच्यामध्ये टिंब चालतं, फक्त आरसाठी दोन आकडे हवेत. एक हेक्टर एक आर म्हणजे १.०१. तुम्ही १.१ लिहिलं की ते एक हेक्टर दहा आर होतं.

एकराचे गुंठे मात्र चाळीस, शंभर नाहीत. तासाची मिनिटं साठ असतात, म्हणून दोन तास तीस मिनिटांना कुणी २.३० तास म्हणत नाही, अडीच तास म्हणतात. तसंच दोन एकर वीस गुंठे म्हणजे अडीच एकर, २.५० एकर. तेव्हा पहिला नियम असा: एकर आणि गुंठे यांच्यामध्ये कधीच टिंब द्यायचं नाही. "२ एकर २० गुंठे" असंच लिहायचं, दोन्ही आकड्यांपुढे माप लावून.

आता एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर कसे करायचे? गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा. आर म्हणजे १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद तुकडा. गुंठा आरपेक्षा किंचित मोठा आहे, शंभर गुंठ्यांमागे साधारण एका आरनं. म्हणून आधी सगळ्याचे गुंठे करा. दोन एकरांचे ८०, वरचे २०, झाले १००. शंभरामागे एक मिळवा, झाले १०१ आर. शंभर आर बाजूला काढले की १ हेक्टर, उरला १ आर. चार हेक्टरपर्यंतच्या दाव्यांना या रीतीनं फार तर एखाद्या आरचा फरक पडतो. पण मूळ मोजणी ज्या मापात झाली ते माप आधी लिहा आणि बदललेलं माप त्याच्या मागून लिहा. म्हणजे कुणाचा हिशोब चुकला तरी मूळ आकडा कागदावर राहतो.

माप न लिहिता नुसता आकडा टाकणं याहून वाईट. एकानं क्षेत्राच्या रकान्यात "४.५" एवढंच लिहिलं होतं. त्याच्या मनात चार एकर पाच गुंठे. वाचणाऱ्यानं साडेचार हेक्टर वाचलं. कायद्यात शेतीच्या वैयक्तिक दाव्याची मर्यादा चार हेक्टर, म्हणजे सुमारे ९ एकर ३५ गुंठे. तो माणूस मर्यादेच्या अर्ध्यातही नव्हता, पण कागदावर मर्यादेबाहेर गेला.

आणखी एक. हेक्टरपेक्षा कमी जमीन असेल तर टिंबाआधी शून्य लिहा. "०.४०" लिहा, ".४०" नको. आपले कागद कार्बन लावून निघतात. तिसऱ्या प्रतीत टिंब पुसतं आणि .४० चे ४० होतात.

आता दुसरा प्रश्न. आकडा अंकात लिहायचा की अक्षरात? पोरं विचारतात, आणि शाळेत कुणी नीट सांगितलेलं नसतं. आपण कागदावरच्या संख्यांचे तीन ढीग करू.

पहिला ढीग, ज्या आकड्यावर हक्क ठरतो तो. जमिनीचं क्षेत्र, ग्रामसभेची हजेरी, बायकांची हजेरी, मंजूर झालेल्या दाव्यांची संख्या. हे अंकातही लिहायचे आणि अक्षरातही. कारण अंक बदलायला सोपा असतो. १ ला जरा वळण दिलं की ९ होतो. मागे एक शून्य चिकटवलं की दहापट होते. अक्षराला असं करता येत नाही. चेकवर रक्कम दोनदा लिहून घेतात ती याच कारणानं. तिथे तर कायदाच सांगतो की अंक आणि अक्षर जुळले नाहीत तर अक्षर खरं धरायचं. आपल्या दाव्यात जुळलं नाही तर काय होतं? फाईल परत येते. म्हणून एकानं अक्षर मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अंकावर बोट ठेवायचं.

हजेरीचं विशेष बघा. दाव्यांवर ठराव करणाऱ्या ग्रामसभेला निम्म्याहून कमी सभासद चालत नाहीत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात. तेव्हा "बहुसंख्य लोक हजर होते" असं लिहून भागत नाही. "एकूण सभासद १५० (एकशे पन्नास), हजर ८२ (ब्याऐंशी), त्यांपैकी महिला ३४ (चौतीस)" असं लिहा. वाचणाऱ्याला तिथल्या तिथे हिशोब करता आला पाहिजे: दीडशेचे निम्मे पंच्याहत्तर, ब्याऐंशीचा तिसरा हिस्सा अठ्ठावीसच्या आत, दोन्ही बसलं.

दुसरा ढीग, जो आकडा म्हणजे नाव आहे तो. कक्ष क्रमांक, गट क्रमांक, कलम, सन. कक्ष १९ म्हणजे एकोणीस वस्तू नव्हेत, ते त्या जंगलाच्या तुकड्याचं नाव आहे. ते नुसतं अंकात लिहायचं, अक्षरात लिहायची गरज नाही. तारखेत मात्र महिना नावानं लिहा. कायद्यात कब्जाची तारीख १३ डिसेंबर २००५ आहे, ती तशीच लिहा. ५/१२ लिहिलं तर कुणी पाच डिसेंबर वाचेल, कुणी बारा मे.

तिसरा ढीग, वाक्यात सहज येणारे लहान आकडे. "तीन म्हाताऱ्यांनी जबाब दिला", "दोन विहिरी आहेत". हे अक्षरात चांगले वाचले जातात. फक्त एक सांभाळा. परिच्छेदाला क्रमांक दिला असेल तर वाक्य अंकानं सुरू करू नका. "३. १५ कुटुंबे येथे राहतात" हे घाईत ३.१५ वाचलं जातं. "३. येथे पंधरा कुटुंबे राहतात" असं फिरवून घ्या.

शेवटी आखूड नावं. लिहायचा कंटाळा येतो म्हणून आपण सगळं तोडून लिहितो. एका ठरावात होतं: "क. ३ प्रमाणे क. १९ मधील जागा व.स. ने पाहिली." पहिला क म्हणजे कलम, दुसरा क म्हणजे कक्ष. आणि व.स. कोण? लिहिणाऱ्याच्या मनात वनहक्क समिती. पण त्याच गावात वनखात्याबरोबरची संयुक्त वनव्यवस्थापन समितीही आहे, आणि तिलाही लोक वन समितीच म्हणतात. दाव्याची पडताळणी करायचा अधिकार वनहक्क समितीचा. वरून प्रश्न आला, पडताळणी नक्की कुणी केली? दोन महिने त्यात गेले.

तेव्हा रीत अशी. पहिल्यांदा पूर्ण नाव लिहा, लगेच कंसात आखूड नाव द्या, आणि मग शेवटपर्यंत तेच आखूड नाव वापरा. "अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वन निवासी (वन हक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ (यापुढे 'वनहक्क कायदा')". पुढे मध्येच "जंगल कायदा" म्हणायचं नाही, वाचणाऱ्याला तो दुसरा कायदा वाटेल. जे नाव कागदात एकदाच येतं त्याला आखूड नाव देऊच नका. आणि प्रत्येक कागद नवा समजा. दाव्यात आखूड नाव सांगितलं म्हणून ठरावात ते सांगायचं राहू देऊ नका, कारण फाईलमधून कागद सुटे होतात.

आता त्या बाईचं वाक्य आपण सगळे मिळून पुन्हा लिहू. फळ्यावर असं झालं:

"वनहक्क समितीने कक्ष क्रमांक १९ मधील जागेची पाहणी केली. अर्जदाराच्या कब्जातील क्षेत्र २ एकर २० गुंठे (अक्षरी दोन एकर वीस गुंठे) आहे. हेच क्षेत्र १.०१ हेक्टर (अक्षरी एक हेक्टर एक आर) होते."

वाक्य लांबलं, हे खरं. पण यात टिंब एकच आहे. ते पुसलं तरी पुढचं अक्षर बोलतं, आणि अक्षर चुकलं तरी मागचे एकर-गुंठे बोलतात.

घरी गेल्यावर एक करा. दावा पाठवायच्या आधी तो ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, आणि ज्यानं तो लिहिला नाही अशा एकाला फक्त ऐकून आकडे लिहायला सांगा. त्याचे आकडे आणि कागदावरचे आकडे एकच आले तर कागद पुढे जाऊ द्या. नाही आले तर चुकीच्या आकड्यावर गिरवू नका. एक आडवी रेघ मारा, बाजूला बरोबर आकडा लिहा आणि तिथे सही घ्या.

जिंदाबाद!