आधी लुळा हात, मग निरोगी



पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या वडिलांना डोक्यावरून सदरा चढवताना आपण नकळत तो हात वर ओढतो. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असल्याने सांधा दुखावतो. यास्तव पुढून पूर्ण उघडणारा, रुंद बाह्यांचा सदरा निवडावा. आधी लुळ्या हाताची बाही खांद्यापर्यंत न्यावी, मग सदरा पाठीमागून फिरवून निरोगी हात घालावा. उतरवताना निरोगी हात आधी, लुळा शेवटी.

एका हाताने बटणे लावणे कठीण. शिंप्याकडून काजी बंद करून बटणे त्यांवरच टाकून घ्यावीत आणि पट्टीच्या आत वेल्क्रोचे तुकडे लावावेत. त्याची खरखरीत बाजू खालच्या पट्टीवर, बाहेर तोंड करून असावी. त्वचेला टोचत नाही. सदरा पूर्वीसारखाच दिसतो आणि वडील तो स्वतः मिटू शकतात.

आत पुढून उघडणारी मऊ सुती बंडी उलटी घालावी, म्हणजे शिवणी बाहेर राहतात. कपडा काढल्यावर शिवणीच्या जागी लाली दिसली आणि ती अर्ध्या तासातही विरली नाही, तर तो कपडा बदलावा व डॉक्टरांना दाखवावे. थंडीत जड स्वेटरऐवजी वरून फ्लॅनेलची दुसरी बंडी घालावी. तिलाही हाताचा हाच क्रम लागू.